निखिलच्या साठ हजारांचं काय करायचं? टर्म की बचतीची पॉलिसी

डिसेंबरातल्या एका रविवारी माझा भाचा निखिल भांडुपहून माझ्याकडे मुलुंडला आला. बरोबर सायली, दीड वर्षाची ईरा आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलेला एक छापील तक्ता. विमा कंपन्यांच्या क्लेम विभागात मी एकवीस वर्षं काढली, त्यामुळे नात्यात कुणी पॉलिसी घ्यायची म्हटली की कागद आधी माझ्यापुढे येतो. या वेळी तो सहीच्या आधी आला, याचा मला फार आनंद झाला. एरवी तो सही झाल्यावर येतो.

"मावशी, वर्षाला साठ हजार भरायचे, पंचवीस वर्षं. पंधरा लाखांचा विमा आहे आणि शेवटी तेहतीस लाख हातात. टर्म घेतली तर काहीच परत मिळत नाही ना?"

टर्म म्हणजे मुदतीत मृत्यू आला तरच पैसे देणारा विमा; बचतीच्या पॉलिसीत मुदत संपल्यावरही रक्कम मिळते. मुंबईतल्या बहुतेक तरुण आईवडिलांसमोर प्रश्न याच शब्दांत येतो. पॉलिसी आणणारा माणूसही बहुधा ओळखीचाच असतो, सोसायटीतले काका किंवा ऑफिसातल्या मित्राची बायको. ती माणसं वाईट नसतात. पण बचतीच्या पॉलिसीत पहिल्या वर्षाच्या हप्त्याचा चांगला मोठा वाटा कमिशन म्हणून मिळतो आणि साठ हजारांच्या हप्त्यावरचं कमिशन पंधरा हजारांच्या हप्त्यावरच्या कमिशनपेक्षा साहजिकच जास्त असतं. ओळखीच्या माणसाने टर्मचा विषय आपणहून का काढला नाही, याचं उत्तर बऱ्याचदा इतकंच असतं.

मी तक्ता बाजूला ठेवला. "परत किती मिळतं ते नंतर पाहू. तू नसलास तर या दोघींना किती लागेल, ते आधी लिहू," असं म्हटल्यावर सायली जरा अवघडली. पण विम्याची रक्कम याच प्रश्नातून निघते. हप्ता किती परवडतो इथून सुरुवात केली, तर मिळेल तेवढा विमा पदरात पडतो आणि तो पुरेल की नाही हे कुणी तपासत नाही.

निखिल एकतीस वर्षांचा. अंधेरीत एका खासगी कंपनीत नोकरी, हातात पासष्ट हजार. सायली एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये काम करते, तिला पंचवीस हजार मिळतात. घर भाड्याचं. भाडं, किराणा, पाळणाघर, लोकलचे पास, औषधपाणी धरून महिन्याला साठ हजार खर्च होतात. त्यातले दहा हजार निखिलचे स्वतःचे. म्हणजे तो नसेल तर घराला पन्नास हजार लागतील आणि सायलीचा पगार आहे पंचवीस. तूट महिन्याला पंचवीस हजार, वर्षाला ३ लाख.

ही तूट किती वर्षं भरून काढायची? ईरा शिकून कमावती होईपर्यंत, म्हणजे साधारण बावीस वर्षं. इथे लोक महागाईपाशी अडतात, कारण आजचे ३ लाख दहा वर्षांनी ३ लाख राहणार नाहीत. त्यासाठी एक सोपी वाट आहे. मिळालेली रक्कम सुरक्षित ठिकाणी ठेवली आणि तिच्यावरचं व्याज महागाईएवढंच असेल असं धरलं, तर दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. मग वर्षाची तूट गुणिले वर्षं एवढाच हिशेब उरतो. ३ लाख गुणिले २२ म्हणजे ६६ लाख. त्यात ईराच्या उच्चशिक्षणाचे आजच्या भावाने २० लाख. बाईक आणि पर्सनल लोन मिळून ३ लाख. संगमेश्वरला आईवडिलांना निखिल महिन्याला पाच हजार पाठवतो, त्याचे पंधरा वर्षांचे ९ लाख. बेरीज ९८ लाख. हाताशी असलेले पीएफचे ४ लाख आणि एफडीचे २ लाख वजा केले की ९२ लाख उरतात.

कंपनीकडून मिळणारा ग्रुप विमा मी मुद्दामच वजा केला नाही. नोकरी सुटली की तो संपतो. पीएफबरोबर ईडीएलआय नावाचा विमा असतो, त्यात जास्तीत जास्त ७ लाख मिळतात, पण त्यालाही नोकरी चालू असावी लागते. मिळालं तर चांगलंच, हिशेबात मात्र धरायचं नाही.

वर मी ९२ चे १२५ लाख केले. निखिलला ते जास्त वाटले. पण असा आघात झाला तर सायली पहिलं वर्ष-दोन वर्षं नोकरी करू शकेलच असं नाही, मुंबईतलं भाडं बाकीच्या महागाईपेक्षा वेगाने वाढू शकतं आणि बावीस वर्षांनंतर सायलीचं स्वतःचं म्हातारपण आहेच. सव्वा कोटी हा आकडा लांबून मोठा दिसतो. या घराचा हिशेब मांडल्यावर तो जेमतेम पुरेसा आहे.

मग तक्ता पुन्हा समोर घेतला. निखिल चौथ्या वर्षी गेला तर या पॉलिसीतून १५ लाख आणि तोवरचे चार वर्षांचे बोनस मिळतील. बोनस म्हणजे कंपनी नफ्यातून जाहीर करते ती वाढ; तक्त्यात तो विम्याच्या दर हजारी ४२ रुपये धरला होता, म्हणजे वर्षाला ६३ हजार, चार वर्षांचे अडीच लाख. एकूण साडेसतरा लाख. वर्षाची तूट ३ लाख असताना ते सहा वर्षंही पुरत नाहीत. तेव्हा ईरा जेमतेम पाचवी-सहावीत असेल. सायलीने हा आकडा पाहिला आणि फोल्डर मिटून ठेवलं. आता याच प्रकारच्या पॉलिसीत सव्वा कोटीचा विमा हवा असेल तर हप्ता किती येईल? १५ लाखांना साठ हजार, तर सव्वा कोटीला ५ लाख, दरवर्षी. निखिलचा वर्षाचा हातात येणारा पगार ७ लाख ८० हजार आहे.

हा फरक कुठून येतो, हे एकदा कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. तिशीच्या आसपासच्या हजार माणसांमागे वर्षभरात साधारण एक दगावतो. म्हणजे १५ लाखांच्या विम्याची त्या वर्षाची खरी किंमत हजार जणांत वाटली, तर दीड हजार रुपयांच्या घरात येते. निखिल साठ हजार भरणार होता, त्यातले विम्यासाठी लागणारे एवढेच. बाकीचे साडेअठ्ठावन्न हजार त्याची स्वतःची बचत, त्यातून कंपनीचा खर्च आणि कमिशन वजा. टर्ममध्ये ही बचत नसते, फक्त विम्याची किंमत असते. सव्वा कोटीला तोच हजारात एकचा हिशेब लावला तर साडेबारा हजार येतात. वय वाढेल तसा धोका वाढतो, पण हप्ता सगळी वर्षं सारखा ठेवायचा असतो, म्हणून सुरुवातीला थोडं जास्त घेतलं जातं. निखिलसारख्या तंबाखू न खाणाऱ्या, तब्येत ठीक असलेल्या माणसाला साठाव्या वर्षापर्यंतचा सव्वा कोटीचा टर्म वर्षाला १५ हजारांत बसतो असं धरून आम्ही पुढे गेलो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्यावरचा जीएसटी काढून टाकला आहे. आधी टर्मच्या हप्त्यावर १८ टक्के लागत, तेही आता नाहीत.

"पण मावशी, यात आठ टक्के लिहिलंय की," निखिलने तक्त्यावर बोट ठेवलं.

लिहिलं होतं खरंच. बोनस देणाऱ्या पॉलिसीच्या प्रत्येक तक्त्यात दोन रकाने असतात, एक ४ टक्क्यांचा आणि एक ८ टक्क्यांचा. हे दर आपल्याला मिळणाऱ्या परताव्याचे नसतात. कंपनीच्या गुंतवणुकीवर एवढी कमाई झाली तर काय होईल, याचं ते गृहीतक असतं, आणि आपल्या हातात येणारं त्यातून खर्च वजा जाऊन येतं. निखिलच्या ८ टक्क्यांच्या रकान्यात पंचविसाव्या वर्षापुढे ३३ लाख २५ हजार होते. त्याच ओळीत ४ टक्क्यांच्या रकान्यात जेमतेम १९ लाख होते. ओळखीच्या काकांनी पेनाने गोल केला होता तो ३३ लाखांना. बोनस दरवर्षी जाहीर होतो. जाहीर झालेला हक्काचा असतो, पुढचा किती येईल हे कुणीच सांगू शकत नाही.

बरं, ३३ लाख मिळाले असंच धरू. १५ लाख भरून ३३ मिळाले, म्हणजे दुपटीहून थोडे जास्त. हे किती टक्के झाले, ते कॅल्क्युलेटरशिवायही ताडता येतं. पहिला हप्ता पंचवीस वर्षं राहतो, शेवटचा एकच वर्ष. म्हणजे आपला रुपया सरासरी तेरा वर्षं तिथे राहिला. पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं लागली त्याने ७२ ला भागलं की व्याजाचा अंदाज मिळतो. ७२ भागिले १३ म्हणजे साडेपाच. नीट हिशेब केला तर ५.७ टक्के येतात. कुठल्याही बचतीच्या पॉलिसीला ही चाचणी लावून पाहा, जाहिरातीतली भाषा कोणतीही असो. आणि पंचवीस वर्षांत महागाई वर्षाला ६ टक्के राहिली, तर त्या ३३ लाखांत आजच्या पावणेआठ लाखांएवढंच सामान येईल.

आता तेच साठ हजार आम्ही दोन भागांत टाकून पाहिले. १५ हजार टर्मला, ४५ हजार पीपीएफला. मी मुद्दाम पीपीएफ घेतलं, म्युच्युअल फंड नाही. शेअर बाजाराशी तुलना केली की 'तिथे धोका आहे' म्हणून विषय संपतो. पीपीएफ सरकारी, व्याज करमुक्त, एप्रिल २०२० पासून दर ७.१ टक्के आहे. तो दर तीन महिन्यांनी ठरवला जातो आणि बदलू शकतो. तोच राहिला असं धरलं तर पंचवीस वर्षांनी सुमारे ३१ लाख होतात. बचतीच्या पॉलिसीतून ३३, इथून ३१. फरक २ लाखांचा, तोही बोनस ८ टक्क्यांच्या रकान्याप्रमाणे आला तर. आणि त्याच्या बदल्यात सगळी वर्षं विमा १५ लाखांऐवजी सव्वा कोटीचा. चौथ्या वर्षी काही झालं तर सायलीच्या हातात साडेसतरा लाखांऐवजी टर्मचे सव्वा कोटी आणि पीपीएफमधले २ लाख १४ हजार.

'टर्ममध्ये काहीच परत मिळत नाही' या वाक्याचं उत्तर निखिलला इथे मिळालं. परत मिळणारे पैसे पीपीएफच्या खात्यात आहेत. फक्त ते विम्याच्या कागदावर लिहिलेले नाहीत.

पीपीएफला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, त्या मी निखिलला लिहून दिल्या. व्याज महिन्याच्या ५ तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात, म्हणून वर्षाची रक्कम ५ एप्रिलच्या आत भरायची. आणि पंधरा वर्षं झाली की पुढच्या पाच वर्षांसाठी, पैसे भरत राहणार असा अर्ज एका वर्षाच्या आत द्यायचा. हा अर्ज राहून गेला तर जुन्या रकमेवर व्याज मिळतं, पण नवे पैसे भरता येत नाहीत. मग वीस वर्षांनी पुन्हा तसाच अर्ज.

सायलीने विचारलेला प्रश्न मात्र आकड्यांपेक्षा अवघड होता. "मावशी, पॉलिसी असली की हप्ता भरावाच लागतो. पीपीएफ मात्र आमच्यावर आहे. आम्ही भरलं नाही तर?"

बरोबर आहे. बचतीच्या पॉलिसीच्या बाजूने मला पटणारा हा एकच मोठा मुद्दा आहे. सक्तीशिवाय पैसे राहत नाहीत अशी घरं मी खूप पाहिली आहेत. पण त्या सक्तीची किंमत माहीत असावी. समजा निखिलने तीन हप्ते भरले, १ लाख ८० हजार, आणि मग नोकरी गेली. तेव्हा पॉलिसी मोडली तर काय मिळेल? कंपनीने द्यायची किमान रक्कम तिसऱ्या वर्षी भरलेल्या हप्त्यांच्या ३५ टक्के असते, म्हणजे ६३ हजार. ऑक्टोबर २०२४ पासून विमा नियामकाने नियम सुधारले आहेत. आता भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात उरलेला विमा आणि जमा बोनस यांची आजची किंमत काढून ती जास्त असेल तर ती द्यावी लागते. निखिलच्या बाबतीत पंचवीसपैकी तीन हप्ते म्हणून १५ लाखांचे १ लाख ८० हजार, त्यात बोनसचे १ लाख ८९ हजार, एकूण ३ लाख ६९ हजार. पण हे पैसे बावीस वर्षांनी मिळणारे आहेत. साधारण ७ टक्क्यांनी मागे आणले तर आजचे ८०-८५ हजार होतात. भरलेल्यातले निम्मेही नाहीत. पीपीएफचा हप्ता एका वर्षी पाचशे रुपयांवर आणला तरी खातं चालू राहतं आणि आधीच्या पैशांना धक्का लागत नाही. मुंबईत एका पगारावर चाललेल्या घराला हा फरक फार महत्त्वाचा. शेवटी सायलीने सांगितलं, बँकेत दर महिन्याच्या ४ तारखेला आपोआप पैसे जातील अशी सूचना देऊन टाकू. मला ते चाललं. ५ एप्रिलला एकरकमी भरण्यापेक्षा व्याज थोडं कमी मिळेल, पण पैसे जातील हे नक्की.

टर्मचंही एक रूप लोकांना भुरळ घालतं, ते म्हणजे हप्ते परत देणारा टर्म. निखिलने तोही विचारला. साध्या टर्मला १५ हजार आणि याला समजा २८ हजार. साठाव्या वर्षी जिवंत असलास तर एकोणतीस वर्षांचे ८ लाख १२ हजार परत. पण वरचे १३ हजार दरवर्षी त्याच पीपीएफमध्ये टाकले असते, तर १२ लाखांच्या वर झाले असते. परत मिळणारे पैसे आपलेच असतात, आणि तेही कमी होऊन येतात. तसंच पंच्याऐंशी किंवा नव्व्याण्णव वयापर्यंतचा टर्म घेऊ नये. ईरा कमावती झाल्यावर आणि निखिल निवृत्त झाल्यावर त्याच्या पगारावर कुणी अवलंबून नसेल. तेव्हाच्या विम्याचे पैसे आज का भरायचे?

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख खरं तर लिहायला घेतला तिच्याकडे येते. टर्मची मोठी चूक हप्त्यात होत नाही, फॉर्ममध्ये होते.

माझ्या नोकरीत एक क्लेम आला होता. अडतीस वर्षांचा माणूस, पॉलिसी घेऊन चौदा महिने झालेले, हृदयविकाराने गेला. प्रपोजल फॉर्ममध्ये तंबाखूच्या प्रश्नापुढे 'नाही'. हॉस्पिटलच्या केस पेपरवर डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे इतिहास लिहिला होता: दहा वर्षांपासून तंबाखू, रोज चार-पाच पुड्या. घरच्यांनी स्वतःच ते डॉक्टरांना सांगितलं होतं. क्लेम नाकारला गेला. त्याची बायको मुलाला घेऊन आमच्या काउंटरवर आली तेव्हा म्हणाली, फॉर्म एजंटनेच भरला होता, यांनी फक्त सही केली. मी तो कागद आजही विसरलेले नाही. तंबाखू खरी लिहिली असती तर हप्ता वाढला असता, कदाचित दीडपट, कदाचित त्याहून जास्त. पण पैसे मिळाले असते.

बचतीच्या पॉलिसीतही हेच नियम लागू होतात, पण तिथे रक्कम लहान असते म्हणून तपास सैल वाटतो. टर्ममध्ये एका सहीवर सव्वा कोटी द्यायचे असतात. पहिल्या तीन वर्षांत क्लेम आला तर कंपनी हॉस्पिटलचे कागद, आधीच्या पॉलिसी, केमिस्टची बिलं, नोकरीतल्या रजा, सगळं पाहते. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की माहिती लपवली, अगदी फसवणूक केली, या कारणानेही कंपनीला ती नाकारता येत नाही. त्या तीन वर्षांवर विसंबून खोटं लिहिणारे लोक मला माहीत आहेत. पण तीन वर्षं आपण जगूच, हे ज्याला नक्की माहीत आहे त्याला विमा घ्यायचं कारणच काय?

म्हणून निखिलला मी फॉर्म स्वतः भरायला लावला, माझ्या डायनिंग टेबलवर. तंबाखू म्हणजे फक्त सिगारेट नाही. गुटखा, मशेरी, मित्रांबरोबर कधीतरी ओढलेला हुक्का, सगळं लिहायचं. लघवीच्या तपासणीत निकोटिनचा अंश सापडतो. दोन वर्षांपूर्वी त्याचं बीपी वाढलं होतं आणि तीन महिने गोळी घेतली होती. तो म्हणाला, आता ठीक आहे, कशाला लिहायचं? तेच लिहायचं होतं. वडिलांना पन्नाशीत डायबेटीस झाला, तेही लिहिलं. आधी काढलेल्या आणि बंद पडलेल्या पॉलिसीही लिहिल्या. कंपनीने वैद्यकीय तपासणी सांगितली तर ती टाळायची नाही, उलट मागून घ्यायची. तपासणी करून दिलेला विमा नंतर नाकारणं कंपनीला जड जातं. पॉलिसी हातात आल्यावर तीस दिवसांचा फ्री लुक असतो, म्हणजे पटली नाही तर परत करायची मुदत. त्या मुदतीत फॉर्मची जोडलेली प्रत शब्दन् शब्द वाचायची. एखादं उत्तर चुकीचं उमटलं असेल तर लगेच लेखी कळवायचं.

निखिलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निघाली. थोरल्या भावाच्या दुकानाच्या कर्जाला तो जामीन राहिलेला आहे. उद्या तो गेला तर त्याच्या मालमत्तेवर बँक हक्क सांगू शकते, आणि विम्याचे पैसे मालमत्तेत मिसळले तर त्यावरही भांडण लागू शकतं. यावर दीडशे वर्षांपूर्वीचा एक कायदा आहे, विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८७४ चा. त्याच्या कलम ६ प्रमाणे विवाहित पुरुषाने पॉलिसी बायको-मुलांच्या फायद्यासाठी आहे असं लिहून घेतली, तर ती रक्कम त्यांच्या विश्वस्त निधीसारखी होते. नवऱ्याला कर्ज देणाऱ्यांना तिला हात लावता येत नाही, आणि नवऱ्यालाही ती परत स्वतःकडे वळवता येत नाही. त्यासाठी जास्त पैसे लागत नाहीत, अर्जाबरोबर एक जोडपत्र भरावं लागतं. पण ते पॉलिसी घेतानाच. नंतर जोडता येत नाही. धंदा असलेल्या, जामीन राहिलेल्या किंवा मोठं कर्ज डोक्यावर असलेल्या प्रत्येक बापाने हे जोडपत्र मागावं, कारण एजंट ते आपणहून क्वचितच काढतात.

सायलीचाही टर्म हवा. तिचा पगार पंचवीस हजार आहे, पण ती नसेल तर निखिलला पाळणाघराची वेळ, ईराची आजारपणं, स्वयंपाक हे सगळं विकत घ्यावं लागेल, किंवा संगमेश्वरहून आईला आणावं लागेल. कमी पगाराचा विमा मागे राहतो, आणि घरात तो पगार बहुतेकदा बाईचा असतो. तिच्यासाठी आम्ही ५० लाख ठरवले.

ज्यांच्याकडे बचतीची पॉलिसी आधीच आहे, त्यांना मी एवढंच सांगेन की आधी टर्म हातात येऊ द्या, तो मंजूर होईपर्यंत जुनी मोडू नका. नंतर भरलेले पैसे विसरून फक्त पुढचा हिशेब करा: आज मोडली तर मिळणारी रक्कम आणि उरलेले हप्ते एकीकडे, शेवटी मिळणारी रक्कम दुसरीकडे. शेवटची चार-पाच वर्षं राहिली असतील तर बहुतेक वेळा चालू ठेवणंच परवडतं. सुरुवातीची वर्षं असतील तर पॉलिसी पेड-अप करणं, म्हणजे हप्ते थांबवून कमी रकमेवर तशीच राहू देणं, हा मोडण्याआधी विचारण्यासारखा पर्याय आहे.

आणि टर्म सगळ्यांना मिळतोच असं नाही. पगारपत्रक किंवा आयकर विवरण नसलेल्या माणसाला, रिक्षा चालवणाऱ्याला, घरकाम करणाऱ्या ताईला, कंपन्या मोठा टर्म सहजी देत नाहीत. त्यांच्यासाठी २०२१ पासून सरल जीवन बिमा नावाचा सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच अटींचा साधा टर्म आहे, ५ ते २५ लाखांपर्यंतचा. पहिले ४५ दिवस फक्त अपघाती मृत्यूचं संरक्षण, नंतर पूर्ण. बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा विमा देणारी प्रधानमंत्री जीवन ज्योती योजना पन्नाशीपर्यंत घेता येते. मोठ्या बचतीच्या पॉलिसीत अडकण्याआधी हे दोन्ही घ्यावेत.

निखिलची पॉलिसी जानेवारीत मंजूर झाली. बीपीची गोळी लिहिल्यामुळे दोन वेळा तपासणीला जावं लागलं आणि हप्ता १५ हजारांऐवजी १६ हजार ८०० आला. पीपीएफचा आकडा त्याने तेवढ्याने कमी केला. जोडपत्राची प्रत, पॉलिसीचा नंबर आणि क्लेमसाठी कुणाला फोन करायचा हे सायलीने एका पाकिटात घालून गॅस बुकाशेजारी ठेवलं आहे. तिच्या स्वतःच्या पॉलिसीची रक्ततपासणी पुढच्या शनिवारी आहे.